०७ची वाट

जबलपूरच्या आमच्या घरात फोनच्या डबीवर आकडे उमटले की आई चष्मा न लावता गाव सांगायची. ०२२ म्हणजे मुंबईचा मामा, ०२० म्हणजे पुणे. ०७१२ दिसलं की ती आधीच उठलेली असे: नागपूर, म्हणजे माहेर.

मला यातला इतिहास नंतर दिसला. जबलपूर ०७६१, नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, सगळी ०७ची. नाशिक मात्र ०२५३. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. थेट डायलिंग भारतात १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर सुरू झालं, म्हणजे हे क्रमांक फाळणीनंतरचे. तरी त्यांत जुना मध्य प्रांत एकत्रच राहतो.

छिंदवाड्याचा ०७१६२ तर बोलकाच आहे. शून्य म्हणजे बाहेरगावचा फोन, ७ म्हणजे मध्य भारत, ०७१ नागपूरकडचा गट, पुढचे दोन आकडे गाव नेमकं करतात. छिंदवाडा मध्य प्रदेशात, पण नागपूर त्याला जबलपूरपेक्षा जवळ. वर्धा ०७१५२, भंडारा ०७१८४ हे त्याचे क्रमांकातले शेजारी. आपल्या राज्यातला बालाघाट मात्र ०७६३२, जबलपूरच्या गटात.

मोबाइलवरून आलेल्या फोनपुढे आईची ही विद्या चालत नाही. ती आता नाव विचारते.