थर आणि वेज : जुन्या काचमण्यांची साक्ष

मंगळसूत्रातले बारीक काळे मणी कसे तयार होतात, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ते एकेक करून घडवलेले नसतात. पोकळ काचेची लांब नळी ओढायची, ती थंड झाली की तिचे तुकडे करायचे, मग ते पुन्हा तापवून कडा गोल करायच्या, अशी त्यांची रीत. नळीची पोकळी हेच मण्याचे वेज, म्हणजे दोरा ओवायचे भोक. या जातीच्या मण्यांना आपण ‘ओढीव’ म्हणू. दुसरी जात ‘गुंडाळीव’ मण्यांची. तिच्यात वितळलेली काच सळईभोवती गुंडाळतात. भिंगाखाली दोन्हींतला फरक लगेच कळतो. ओढीव मण्याच्या काचेतले बुडबुडे आणि रेघा वेजाला समांतर लांबलेल्या असतात, तर गुंडाळीव मण्यात त्या वेजाभोवती फिरतात.

जगाच्या व्यापारात ओढीव मण्यांपैकी सर्वांत नावाजलेला मणी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा. इटालियन कारागीर त्याला ‘रोझेत्ता’ म्हणत, संग्राहक ‘शेवरॉन’ म्हणतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो घडू लागला. त्याचे श्रेय परंपरेने मारिया बारोव्हिएर या काचकारागीर स्त्रीला देतात. पुढे स्पॅनिश लोकांबरोबर तो अमेरिकेत गेला, आणि युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम आफ्रिकेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले मणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकी व्यापाऱ्यांच्या हातून पुन्हा युरोप-अमेरिकेच्या बाजारात आले. मागणी वाढली तशा नकला निघाल्या. आज भारतात आणि चीनमध्ये बनलेले शेवरॉन जुन्यांच्याच माळांत ओवलेले सापडतात. प्रश्न केवळ पैशांचा नाही. फ्लोरिडात किंवा पेरूत उत्खननात असा मणी मिळाला, तर त्या थराचा काळ ठरवायला तो पुरावा म्हणून वापरतात. बाजारातून आलेल्या मण्याला मात्र माती नसते. त्याची साक्ष त्याच्याच अंगावर शोधावी लागते.

ही साक्ष दोन ठिकाणी असते. थर मणी घडवणाऱ्याविषयी सांगतात, वेजाची कड तो वापरणाऱ्याविषयी. दोघांचे म्हणणे जुळले, तरच निर्णय द्यावा.

आधी थर पाहू. कारागीर काचेच्या गोळ्यात हवा फुंकून पोकळी करी. त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवून तो गोळा उभ्या खाचांच्या साच्यात दाबला, की त्यावर बहुधा बारा धारा उमटत. पुढचा थर खाचा भरून काढी, पुन्हा साचा, पुन्हा थर. शेवटी दोघेजण गोळ्याची दोन टोके धरून विरुद्ध दिशांना चालू लागत आणि त्याची लांबच लांब नळी होई. नळी आडवी कापली की छेदात चांदणी दिसते. तुकड्याची टोके तिरकी घासली, तर त्या उतारावर थर नागमोडी पट्ट्यांसारखे उघडे पडतात.

सोळाव्या शतकातल्या नमुन्यात सात थर असतात. बाहेरून आत मोजत गेले तर निळा, पांढरा, विटकरी लाल, पांढरा, फिकट हिरवट पारदर्शक, पांढरा आणि गाभ्याशी पुन्हा हिरवट पारदर्शक. पुढच्या काळात थर कमी झाले. आफ्रिकेत मोठ्या संख्येने गेलेल्या एकोणिसाव्या शतकापासूनच्या मण्यांत बहुधा चार किंवा सहा थर दिसतात. पण नुसता आकडा पुरत नाही, कारण सात थरांचे मणी विसाव्या शतकातही बनवले गेले. म्हणून थर कसे बसले आहेत तेही पाहावे. चांगल्या जुन्या मण्यात थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि चांदणीची टोके टोकदार राहतात. हलक्या नकलेत टोके बोथट किंवा असमान, थर कुठे जाड कुठे पातळ, आणि लाल रंग विटकरी नसून भडक असतो.

आता वेज. माळ गळ्यात असताना मणी स्वस्थ नसतो. दोरा वेजाच्या कडेवर ओढला जातो, शेजारचा मणी टोकाला घासतो, आणि दोऱ्यात अडकलेली धूळ पॉलिश कागदासारखे काम करते. त्यामुळे झीज टोकांशी जास्त आणि वेजाच्या मध्यावर कमी होते. कड आतल्या बाजूला गोलसर उतरते. माळेचे वजन एकाच बाजूने ओढत असेल तर गोल वेज तिथे किंचित लांबट होते. टोकावर शेजाऱ्याच्या दाबाने उथळ खळगा किंवा तिरका सपाट भाग पडतो. दोन टोकांची झीज क्वचितच सारखी असते, कारण दोन्हीकडचे शेजारी वेगळे असतात.

नकली झीज याच्या उलट असते. नवे मणी वाळूबरोबर पिंपात फिरवले किंवा आम्लात बुडवले, तर पृष्ठभाग सगळीकडे सारखाच मंद होतो. उंचवटे आणि खोलगट जागा यांत भेद उरत नाही. खरा जुना मणी उंचवट्यांवर हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत होतो आणि खाचांत मळकट राहतो. वेजात मळ भरून जुनेपणा आणतात, पण ओल्या कापसाच्या काडीने तो निघाला आणि खाली कोरी, धारदार कड दिसली, की प्रकरण मिटले.

समजा, हातात एक निळा शेवरॉन आहे, अंदाजे वीस मिलिमीटर लांब. दहापट भिंगातून टोकाकडे पाहिले तर चार थर, बारा नीट टोके, लाल विटकरी. म्हणजे प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा असू शकतो. मणी आडवा धरला, बुडबुडे वेजाला समांतर. म्हणजे ओढीव. एका टोकाला उथळ खळगा, दुसऱ्याला तिरका सपाट भाग, वेज एका अंगाला लांबट. प्रकाशासमोर धरून आत पाहिले, तर मध्यभाग अजून मूळ मापाचा. थर आणि वेज इथे एकच गोष्ट सांगतात : जुना प्रकार, दीर्घ वापर. हेच चार थर, पण दोन्ही टोकांची झीज अगदी सारखी आणि वेजाच्या मध्यापर्यंत पसरलेली असती, तर संशय घ्यावा लागला असता.

या पद्धतीला मर्यादा आहे. झीज वापर मोजते, वय नव्हे. ब्रिटिश म्युझियममध्ये मोझेस लेव्हिन या लंडनच्या मणी-व्यापाऱ्याचे 1851 ते 1869 या काळातले नमुने आहेत. अशा नमुन्यांना गळा कधी लाभला नाही, म्हणून त्यांच्या कडा नव्यासारख्या असल्या तरी ते नकली ठरत नाहीत. उलट जुन्या मण्याची टोके विक्रीसाठी पुन्हा घासली, तर खरी झीज पुसली जाते. अशा वेळी पांढऱ्या थराकडे वळतात. युरोपीय पांढऱ्या काचेत अपारदर्शकता आणण्यासाठी आधी कथिल, मग अँटिमनी आणि पुढे आर्सेनिक वापरात आले. मणी न फोडता क्ष-किरणांनी ते ओळखता येते. पण हे काम प्रयोगशाळेचे. बाजारात उभ्या असलेल्या माणसाजवळ भिंग, उजेड आणि ओली काडी एवढेच असते. थर आणि वेज यांची साक्ष जुळत नसेल, तर त्याने मण्याला वर्ष चिकटवू नये. ‘ओढीव, चार थरांचा, झीज अल्प’ एवढेच चिठ्ठीवर लिहावे.