रनबुक

रनबुक : ठराविक प्रकारच्या कामाचे टप्पे क्रमवार नोंदवून त्या प्रकाराशीच संलग्न केलेली लेखी कार्यपद्धती. संगणकसेवांच्या देखभालीत एकच बिघाड कधी दिवसपाळीच्या तर कधी रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यापुढे येतो, आणि दोघांच्या हातून तो सारख्याच रीतीने दुरुस्त व्हावा, हा तिचा हेतू असतो. प्रोमीथियस या निरीक्षणप्रणालीत इशाऱ्याच्या नियमातच `runbook_url` या नावाने तिचा पत्ता नोंदवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे इशारा ज्याच्याकडे जातो त्याला कार्यपद्धती अन्यत्र शोधावी लागत नाही.

रचना : प्रत्येक टप्प्यात द्यावयाची आज्ञा, तिचे अपेक्षित फलित आणि फलित निराळे निघाल्यास पुढे काय करावे, या तीन गोष्टी असाव्या लागतात. ‘अनावश्यक फायली काढाव्यात’ असे मोघम वाक्य लिहिले, तर काय अनावश्यक याचा निवाडा ज्याचा त्याने करावयाचा उरतो, आणि एकरूपता तेथेच संपते.

उदाहरण : लिनक्स सर्व्हरवर `/var` हे स्वतंत्र विभाजन ९०% भरल्याचा इशारा आला, असे समजू. त्यासाठीच्या रनबुकातील पहिले टप्पे असे :

```
df -h /var
df -i /var
sudo du -xh --max-depth=2 /var | sort -h | tail
sudo lsof +L1
```

पहिल्या आज्ञेने इशाऱ्याची खातरजमा होते. दुसरीने आयनोड शिल्लक आहेत की नाहीत हे कळते, कारण ते संपल्यास जागा असूनही नवी फाइल निर्माण होत नाही. तिसरीच्या अखेरच्या ओळीतील एकूण आकार `df` ने दाखवलेल्या वापरापेक्षा बराच कमी भरल्यास, पुसलेली एखादी फाइल चालू प्रक्रियेने उघडी धरून ठेवली असण्याचा संभव असतो, आणि चौथी आज्ञा त्या प्रक्रियेचे नाव दाखवते. ती सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते. येथे `sudo` लिहिणे अनिवार्य आहे; ते गाळल्यास ज्या निर्देशिका वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा आकार `du` च्या बेरजेत येत नाही, तफावत खोटीच दिसते, आणि कमी अधिकाराचा कर्मचारी अस्तित्वातच नसलेल्या फाइलीच्या शोधास लागतो.

मर्यादा : कोणत्या सेवा पुन्हा सुरू करण्याची मुभा आहे, याची यादी रनबुकातच द्यावी. वाढ `/var/lib/mysql` मध्ये आढळल्यास तेथील काहीही न पुसता डेटाबेसच्या जबाबदार अधिकाऱ्यास वर्दी देऊन थांबावे, असा स्पष्ट हुकूम असावा. `df -h /var` पुन्हा चालवून वापर इशाऱ्याच्या हद्दीखाली आल्याची नोंद झाल्यावरच काम पुरे झाले असे मानावे.

परीक्षा : हे काम पूर्वी कधीही न केलेल्या कर्मचाऱ्याकडून, लेखकाने जवळ बसून परंतु मौन पाळून, ते करवून घ्यावे; तो ज्या टप्प्यावर अडेल वा प्रश्न विचारील, तोच टप्पा सदोष समजून त्याचे उत्तर मजकुरात घालावे.