पोलीस ॲक्शनची बातमी ऐकलेला रेडिओ

नांदेड-लातूर भागातल्या जुन्या घरांत व्हॉल्व्हचा रेडिओ निघाला की त्याच्यासोबत बहुधा एक सांगणेही निघते: "याच रेडिओवर आजोबांनी पोलीस ॲक्शनची बातमी ऐकली." सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या संध्याकाळी निजामाने स्वतः हैदराबादच्या रेडिओवरून ती जाहीर केली. मराठवाड्यातल्या अनेक घरांनी ती बातमी खरोखरच रेडिओवर ऐकली असणार. पण समोर ठेवलेला संच तोच का, हे संचालाच विचारावे लागते.

उदाहरणाला लातूरच्या एका घरातून आलेला बॅटरीवर चालणारा संच घेऊ. तपकिरी बेकेलाइटचे खोके, दोन गुंड्या, पाठीला भोकांचा पुठ्ठा. बॅटरीचा, कारण या भागात वीज उशिरा पोचली; तालुक्याच्या गावांबाहेर तर रेडिओ म्हणजे बॅटरीचाच. नव्वद व्होल्टची आणि दीड व्होल्टची अशी दोन कामे करणारी कोरडी बॅटरी खोक्यात मागे बसे आणि ती संपली की रेडिओ गप्प होई. या बॅटरीचा खर्चच व्हॉल्व्हचा इतिहास घडवतो, आणि तारीख काढायला पहिला धागा तिथेच सापडतो.

१९४० च्या सुमारास अमेरिकेत सात पिनांचे छोटे काचेचे बॅटरी व्हॉल्व्ह आले. युरोपीय नावांत ते डीके ९१, डीएफ ९१, डीएएफ ९१ आणि डीएल ९२. पहिल्या तिघांच्या तारेला प्रत्येकी ५० मिलीअँपिअर आणि शेवटच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हला १०० लागत. चौघांचे मिळून २५०. साधारण १९५३-५४ च्या सुमारास ९६ ची मालिका आली: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. हिच्या तारा निम्म्या प्रवाहावर तापत, सगळा मिळून १२५ मिलीअँपिअर. एकाच बॅटरीवर जास्त दिवस ऐकता येऊ लागले. साहजिकच नव्या संचांनी ही मालिका लगेच उचलली.

आता आपल्या संचात आहेत चौघेही ९६ चे. म्हणजे तो १९४८ चा नाही, असे म्हणून थांबता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने जुन्या संचात नवे व्हॉल्व्ह घातले असतील तर? डीएफ ९१ च्या जागी डीएफ ९६ तसाच बसतो, डीएएफचेही तसेच. या दोघांची साक्ष म्हणून कच्ची. डीके मात्र हट्टी आहे. डीके ९१ आणि डीके ९६ यांच्या आतल्या जाळ्यांच्या जोडण्या वेगळ्या आहेत. एकाच्या सॉकेटात दुसरा खोचला तर तो काम करीत नाही, सॉकेटच्या तारा बदलाव्या लागतात. म्हणून संच उलटा करून पहिल्यांदा पाहायचे ते डीकेचे सॉकेट.

कारखान्यातला डाग आणि दुकानातला डाग यांत फरक असतो. कारखान्यात तारेचे टोक पट्टीच्या भोकातून ओवून, वळवून, मग डाग दिलेला असे. दुरुस्तीत घाई असते. जुना मेणाचा कंडेन्सर कापून टाकतात, त्याच्या तारेचा आखूड ठोंब तसाच राहतो आणि नवा कंडेन्सर त्या ठोंबालाच चिकटवलेला दिसतो. लातूरच्या संचात असे दोन ठोंब आहेत, दोन्ही आवाजाच्या व्हॉल्व्हजवळ. डीकेच्या सॉकेटाला मात्र प्रत्येक तार ओवलेली, वळवलेली आणि तिच्यावर धुळीचा एकसारखा थर. तिथे कोणी हात लावलेला नाही. म्हणजे हा संच जन्मापासूनच ९६ च्या मालिकेचा, आणि १९४८ ची बातमी त्याने ऐकलेली नाही.

आवाजाच्या डीएल ९६ वर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे नाव आहे. या कारखान्यात रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ पासून तयार होऊ लागले, तेव्हा हा नंतर बदललेला. शेजारचे दोन ठोंबही हेच सांगतात.

डीके ९६ च्या काचेवर, पिनांच्या वर, फिकट अक्षरांत एक सांकेतिक ओळ आहे. उजेड तिरपा पाडला, काचेवर हलकी वाफ सोडली की ती वाचता येते; कापडाने घासू मात्र नये, काही छाप लगेच पुसले जातात. फिलिप्स आणि मलार्डच्या व्हॉल्व्हवर पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून ही ओळ अशी असे: कारखान्याचे अक्षर, वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचे अक्षर, आठवड्याचा आकडा. इथे आहे बी ७ एच ३. बी म्हणजे इंग्लंडमधले ब्लॅकबर्न, एच म्हणजे आठवे अक्षर, ऑगस्ट, आणि ३ हा तिसरा आठवडा. अडचण फक्त त्या ७ ची: १९५७ की १९६७?

खोके याचे उत्तर देत नाही. बेकेलाइट नखाने घासले की कार्बोलिकसारखा उग्र वास येतो आणि ते उष्णतेने वितळत नाही. नंतर आलेले पॉलिस्टायरीनचे खोके हलके, टिचकीला पातळ आवाज देणारे. पण बेकेलाइट बराच काळ चालले, शिवाय खोकी बदललीही जात. तपासायचे ते चेसिसच्या स्क्रूंची भोके आणि गुंड्यांची जागा खोक्याशी जुळते का, एवढेच. इथे जुळते, जादा भोक एकही नाही. डायलच्या काचेवर मुंबई, हैदराबाद, नागपूर आणि पूना ही नावे आहेत. नागपूर केंद्र जुलै १९४८ चे, पुणे केंद्र ऑक्टोबर १९५३ चे. परभणी केंद्र १९६८ चे, ते काचेवर नाही. पण नाव नसणे हा पुरावा मी फार वजनाचा मानत नाही, काचा वर्षानुवर्षे त्याच छापल्या जात.

निकाल लावतो तो पाठीच्या पुठ्ठ्याआड अडकलेला पोस्टाचा रेडिओ परवाना. त्याच्यावर पत्ता आहे "ता. लातूर, जि. उस्मानाबाद, मुंबई राज्य", आणि नूतनीकरणाचा पहिला शिक्का १९५९ चा. हा पत्ता स्वतःच तारीख सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी इथे हैदराबाद राज्य होते, १ मे १९६० नंतर महाराष्ट्र झाले. लातूर जिल्हा तर ऑगस्ट १९८२ चा. रबरी शिक्के जुने वापरले जातात, पण हाताने लिहिलेले राज्याचे नाव आणि टपालाचा शिक्का इथे एकमेकांना धरून आहेत. परवान्यावर लिहिलेला संचाचा क्रमांक चेसिसवरच्या क्रमांकाशी जुळतो. म्हणजे १९५९ मध्ये हा संच लातुरात होता, आणि डीके मूळचाच असेल तर त्याच्यावरचा ७ हा १९५७ चाच.

दुकानाचे बिल मिळाले असते तर खरेदीचे वर्षही नेमके कळले असते. बिलात आणे-पै असतील तर ते बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचे, "न. पै." असतील तर १९५७ ते १९६४ मधले. इथे बिल नाही, म्हणून नोंद अशी करायची: संच बहुधा ऑगस्ट १९५७ नंतर तयार झालेला, १९५९ च्या आत लातुरात आलेला, आवाजाचा व्हॉल्व्ह आणि दोन कंडेन्सर १९६१ नंतर बदललेले. घरच्यांचे सांगणे त्याखाली वेगळ्या ओळीत, जसेच्या तसे लिहावे. ते खोटे ठरत नाही. घरात त्याआधी दुसरा रेडिओ असू शकतो, किंवा बातमी शेजारच्या वाड्यात ऐकलेली असू शकते. तो आधीचा रेडिओ कुठे निघालाच, तर त्याच्या डीकेच्या सॉकेटात ९१ बसण्याजोगी जोडणी आहे का, हे आधी पाहावे.