ज्येष्ठमध, कॉर्टिसॉल आणि एक बंद पडलेला पहारा

नेदरलँड्समधल्या हेरेन्वेन या गावी रेव्हर्स नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्या भागातल्या एका औषधविक्रेत्याकडे मिळणाऱ्या चाटणाने पोटातल्या व्रणाचे रुग्ण बरे होतात असे त्यांच्या लक्षात आले. चाटणात मुख्य घटक होता ज्येष्ठमधाच्या मुळांचा आटवलेला रस. रेव्हर्स यांनी ते स्वतः रुग्णांना देऊन पाहिले आणि 1946 मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. व्रण खरोखरच भरून येत होते. पण सुमारे पाचातल्या एका रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि पायांवर सूज येई, डोके दुखे, छातीवर दडपण येई. औषध कमी केले की सूज उतरे. असला त्रास औषधाच्या टिपणात एका ओळीत उरकण्याची पद्धत असते. रेव्हर्स यांनी तो ठळकपणे नोंदवला, हे विज्ञानाचे भाग्यच म्हणायचे.

ज्येष्ठमध आपल्याला नवे नाही. चरकसंहितेत ते यष्टिमधु या नावाने येते, घसा बसला की गायक त्याची काडी चघळतात आणि घरोघरच्या काढ्यात ते पडते. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिऑफ्रॅस्टसने लिहून ठेवले आहे की शक लोक हे मूळ आणि घोडीच्या दुधाचे चीज यांवर अकरा-बारा दिवस पाण्यावाचून काढू शकत. दिवसांचा आकडा फुगवलेला असेल, पण मुळामुळे तहान भागते ही समजूत जुनी आहे. शरीर पाणी धरून ठेवते, हीच गोष्ट रेव्हर्स यांच्या रुग्णांच्या सुजेतही दिसत होती.

ॲमस्टरडॅममध्ये प्राध्यापक बोर्स्ट यांच्या गटाने या सुजेचा पाठपुरावा केला. रुग्णांच्या आहारातले आणि लघवीतले क्षार मोजल्यावर चित्र स्पष्ट झाले: ज्येष्ठमध सुरू केल्यावर लघवीतून जाणारे सोडियम घटे, पोटॅशियम वाढे, वजन आणि रक्तदाब चढे. हा परिणाम त्या काळी वापरात असलेल्या डिऑक्सिकॉर्टोन या संप्रेरकासारखा आहे, असे त्यांनी 1950 मध्ये लिहिले. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीरातले मीठ सांभाळतात. त्यांचे त्यासाठीचे खरे संप्रेरक, अल्डोस्टेरोन, 1953 मध्ये वेगळे काढले गेले. ते मूत्रपिंडातल्या नलिकांच्या शेवटच्या भागात काम करते. सोडियम रक्तात परत खेचले जाते, त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जाते आणि सोडियमच्या मागोमाग पाणी शरीरात राहते.

साहजिकच कल्पना निघाली की ज्येष्ठमधात अल्डोस्टेरोनची नक्कल करणारे एखादे द्रव्य असावे. त्याचा गोडवा ज्या ग्लिसिरायझिनमुळे असतो, त्याच्यापासून आतड्यातले जीवाणू ग्लिसिरेटिक आम्ल तयार करतात. या आम्लाची रचना अधिवृक्कातल्या संप्रेरकांसारखी दिसतेही. ॲडिसनच्या आजारात अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात आणि शरीरातले मीठ वाहून जाते. अशा रुग्णांना 1951 मध्ये ज्येष्ठमध देऊन पाहिले, तेव्हा काहींना चांगला उपयोग झाला.

अडचण इथेच आली. ज्यांच्या ग्रंथी पूर्णपणे गेल्या होत्या, त्यांच्यावर ज्येष्ठमधाचा परिणाम होईना. त्याच रुग्णांना सोबत थोडे कॉर्टिझोन दिले की परिणाम होई. बोर्स्ट यांच्या गटाने 1953 मध्ये हे स्पष्ट नोंदवले. ज्येष्ठमध स्वतःच अल्डोस्टेरोनची भूमिका वठवत असते तर त्याला दुसऱ्या संप्रेरकाची गरज का पडावी? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला तीसेक वर्षे गेली. तोवर पाठ्यपुस्तकांत नक्कल करणाऱ्या द्रव्याचीच गोष्ट सांगितली जात होती.

उत्तराचा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला. काही मुलांना जन्मजात तीव्र रक्तदाब असतो, पोटॅशियम कमी असते आणि तरीही अल्डोस्टेरोन जवळजवळ नसते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या संशोधकांना दिसले की या मुलांच्या शरीरात कॉर्टिसॉलचे कॉर्टिझोन नीट होत नाही. दोन्ही रेणूंत फरक अगदी लहान आहे: अकराव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाच्या जागी कीटोन गट येतो, एवढाच. हा बदल करणारे विकर एडिनबरोच्या स्ट्युअर्ट आणि एडवर्ड्स यांनी ज्येष्ठमधाशी जोडले. निरोगी स्वयंसेवकांना ज्येष्ठमधाची मिठाई खायला देऊन त्यांनी 1987 मध्ये दाखवले की ज्येष्ठमध याच विकराचे काम थांबवते.

त्याच वर्षी अल्डोस्टेरोनच्या ग्राही प्रथिनाचे जनुक सापडले आणि एक विचित्र गोष्ट कळली. हे प्रथिन कॉर्टिसॉललाही तितक्याच घट्टपणे धरते. रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरोनच्या शंभर ते हजार पट असते, मग मूत्रपिंडात त्याचेच राज्य का चालत नाही? कारण त्या पेशींच्या दारातच हे विकर पहारा देते आणि आत येणाऱ्या कॉर्टिसॉलचे निरुपद्रवी कॉर्टिझोन करून टाकते. ज्येष्ठमध हा पहारा बंद पाडते. मग कॉर्टिसॉल आत घुसते आणि अल्डोस्टेरोनचे काम करू लागते. अधिवृक्क ग्रंथी नसलेल्या रुग्णात घुसायला कॉर्टिसॉलच नव्हते. बोर्स्ट यांचे कोडे असे सुटले.

निदानाची खूणही यातूनच मिळते. रक्तातले पोटॅशियम लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल असावे. ते खाली गेले की स्नायूंत अशक्तपणा, पेटके आणि फारच घटले तर हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता येते. रक्तदाब चढलेला आणि पोटॅशियम उतरलेले दिसले की डॉक्टर आधी अल्डोस्टेरोन स्रवणाऱ्या गाठीचा संशय घेतात. पण गाठ असेल तर अल्डोस्टेरोन वाढलेले सापडते. ज्येष्ठमधाच्या बाबतीत मीठ पुरेसे साठल्याने शरीराने रेनिन आणि अल्डोस्टेरोन दोन्ही थांबवलेली असतात. दोन्ही कमी दिसली की रुग्णाला विचारायचा प्रश्न एकच उरतो: काय खाता, काय पिता?

इथे काढ्याचा आणि हर्बल चहाचा संबंध येतो. ग्लिसिरायझिन साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड असते, म्हणून बिनसाखरेच्या चहाच्या मिश्रणांत ज्येष्ठमध बरेचदा घातलेले असते आणि नाव पाकिटावरच्या यादीत कुठेतरी मधेच सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 2005 मध्ये म्हटले की दिवसाला 100 मिलिग्रॅमपर्यंत ग्लिसिरायझिक आम्ल बहुतेक प्रौढांना त्रास देणार नाही. युरोपीय समितीच्या 2003 च्या अहवालात ज्येष्ठमधाच्या चहातले प्रमाण लिटरला सरासरी 126 मिलिग्रॅम आहे, पण नमुन्यानमुन्यांत ते 2 पासून 450 पर्यंत होते. पाव लिटरचा मोठा पेला धरला तर सरासरी चहाच्या एका पेल्यात सुमारे 31 मिलिग्रॅम येतात आणि तीन पेल्यांत मर्यादा जवळपास गाठली जाते. 450 वाल्या चहाचा एकच पेला ती ओलांडतो. घरच्या काढ्याचा हिशेब असाच करता येतो. मुळात ग्लिसिरायझिन चार टक्के आहे असे धरू. पाच ग्रॅम पुडीत 200 मिलिग्रॅम होतात. त्यातले निम्मे जरी पाण्यात उतरले तरी शंभर झाले. मुळातले प्रमाण जातीनुसार आणि जमिनीनुसार बरेच बदलते, त्यामुळे चवीवरून अंदाज बांधणे कठीण.

शिवाय 'बहुतेक प्रौढ' या शब्दांना मर्यादा आहेत. स्वीडनमध्ये 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 28 तरुणांनी दोन आठवडे रोज बरोबर 100 मिलिग्रॅम घेतले, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 3 मिलिमीटरने चढला. काहींच्यात तो बराच अधिक चढला. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच त्या गोळ्यांमुळे जात असते. त्यात ज्येष्ठमधाची भर पडली की दोन्ही वाटांनी गळती होते. चहा बंद केल्यावरही सुधारणा लगेच होत नाही. ग्लिसिरेटिक आम्ल पित्तातून आतड्यात आणि पुन्हा रक्तात असे फेरे घेत राहते, त्यामुळे पोटॅशियम ताळ्यावर यायला कधी कधी दोन आठवडेही लागतात, आणि दडपलेले रेनिन जागे व्हायला त्याहून जास्त.