आयबीएस, आयबीडी आणि ‘नॉर्मल’ आलेली दुर्बीण

पोटात कळ, जुलाब, शौचाची घाई या तक्रारी आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम) आणि आयबीडी (इन्फ्लमेटरी बाउल डिसीज) या दोन्ही विकारांत आढळतात. मुळातला बिघाड मात्र वेगळा असतो. आयबीडीत आतड्याला सूज येऊन जखमा होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसची सूज गुदाशयापासून वर सलग चढते, तर क्रोन्सची सूज पचनमार्गात कुठेही, मधला भाग निरोगी सोडून, भिंतीत खोलवर उतरते. आयबीएसमध्ये अस्तर शाबूत असते. बिघडलेली असते ती आतड्याची संवेदना, हालचाल आणि मेंदूशी असलेला संवाद.

कोलोनोस्कोपीच्या दुर्बिणीला अस्तर दिसते, मज्जातंतूंचा हळवेपणा दिसत नाही. तो मोजण्यासाठी संशोधक गुदाशयात छोटा फुगा ठेवून हळूहळू हवा भरतात. निरोगी माणसाला जेमतेम दाब जाणवतो तेवढ्या हवेनेच आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना कळ येते. म्हणून ‘दुर्बीण नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेले नाही’ या वाक्याचा पूर्वार्ध खरा असला तरी उत्तरार्ध त्यातून निघत नाही.

कॅनडातील वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू शिरले. सुमारे 2300 लोक आजारी पडले, 7 दगावले. दोन-तीन वर्षांनी केलेल्या पाहणीत, ज्यांना आतड्याचा जंतुसंसर्ग झाल्याचा वैद्यकीय संशय होता त्यांच्यापैकी सुमारे 36 टक्के लोकांत आयबीएसची लक्षणे होती. जे आजारी पडले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. जंतू केव्हाच गेले होते, तरी आतडे पूर्ववत झाले नव्हते. हा त्रास ‘मनाचा खेळ’ म्हणणाऱ्यांनी ही पाहणी जरूर वाचावी.

उलट बाजूने, नॉर्मल दुर्बीण म्हणजे आयबीएसच, असेही नाही. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये अस्तर डोळ्यांना बहुधा निरोगी दिसते. पातळ जुलाब होत असताना बायोप्सी घेतली नाही तर तो निसटतो. त्याचे रुग्ण बहुधा उतारवयातले असतात, स्त्रिया अधिक. शिवाय ही दुर्बीण लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्याच भागापर्यंत पोचते. त्याच्या वर लपलेला क्रोन्स शोधायला एमआरआय किंवा गिळण्याचा कॅप्सूल कॅमेरा लागतो.

म्हणून शौचातील कॅल्प्रोटेक्टिन तपासतात. सुजेच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींमधले हे प्रथिन दर ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर आयबीडीची शक्यता फारच कमी. जास्त आले तरी आयबीडी पक्का ठरत नाही, कारण जंतुसंसर्गाने किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही ते वाढते. आयबीएसचे निदान मात्र लक्षणांवरून होते: किमान 6 महिन्यांपूर्वी सुरू झालेला त्रास, गेल्या 3 महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा शौचाशी किंवा शौचातल्या बदलाशी संबंध. रक्त पडणे, झोपेतून उठवणारे जुलाब, वजन घटणे, ताप, रक्तक्षय यांपैकी काही असल्यास ते आयबीएसच्या खात्यात न टाकता पुढच्या तपासण्या करतात.