टेकू आणि खांब : व्हर्जिलचा अपुरा खर्डा

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये क्विंटिलियन नावाचा वक्तृत्वाचा एक नामांकित शिक्षक होऊन गेला. सुमारे इ. स. ९५ च्या सुमारास त्याने वक्त्याच्या शिक्षणावर बारा भागांचा एक ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या दहाव्या भागात आपल्या एका मित्राची गोष्ट तो सांगतो. जूलियस सेकुंडस हा त्याचा मित्र शाळकरी वयाचा असताना एकदा खिन्न चेहऱ्याने बसलेला त्याच्या काकाला दिसला. काका जूलियस फ्लोरस हा स्वतः गॉलमधला श्रेष्ठ वक्ता. त्याने कारण विचारले. लिहायला दिलेल्या विषयाची सुरुवातच तीन दिवस सुचत नाही, असे मुलाने कबूल केले. तेव्हा काका हसला आणि म्हणाला, तुला जितके चांगले लिहिता येते त्याहून चांगले लिहायचा तुझा बेत आहे काय?

कोऱ्या पानापुढे बसलेल्या माणसाचे इतके जुने आणि इतके नेमके निदान आमच्या पाहण्यात दुसरे नाही. सेकुंडसला विषय ठाऊक होता, भाषा येत होती. त्याची अडचण अशी की पहिले वाक्य लिहिताना तो त्याच वेळी त्या वाक्याचा परीक्षकही झाला होता. काय म्हणायचे, कोणत्या क्रमाने म्हणायचे आणि म्हटले ते चांगले झाले की नाही, हे तिन्ही प्रश्न त्याने एकाच बैठकीला बसवले होते. हे तीन प्रश्न तीन वेगळ्या बैठकींत वाटून घ्यावेत, असा सल्ला आज लेखनाच्या वर्गांतून सर्रास दिला जातो. हा सल्ला नवा नाही. तो प्रत्यक्षात कसा चालतो आणि कोठे मोडतो, हे पाहायला क्विंटिलियनच्याही शंभर वर्षे आधीचे एक उदाहरण उपलब्ध आहे, ते म्हणजे व्हर्जिलच्या ‘ईनिड’चे.

व्हर्जिलच्या लेखनपद्धतीची माहिती मिळते ती मुख्यतः चौथ्या शतकातील डोनाटस या व्याकरणकाराच्या नावावर असलेल्या चरित्रातून. त्यातला बराचसा भाग दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या स्यूटोनियसकडून आला असे अभ्यासक मानतात. म्हणजे ही साक्ष कवीच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी नोंदली गेलेली आहे आणि ती तितक्याच सावधपणे वाचली पाहिजे. पण तिच्यातले तपशील काव्याच्या आजच्या संहितेशी चांगले जुळतात, आणि आमच्या दृष्टीने तीच तिची खरी किंमत आहे.

हे चरित्र सांगते की ‘ईनिड’ची पहिली आवृत्ती व्हर्जिलने गद्यात लिहिली आणि तिचे बारा सर्ग पाडले. ही झाली आराखड्याची बैठक. तिच्यात छंद नाही, अलंकार नाही. काय घडते आणि कोणत्या सर्गात घडते एवढेच आहे. त्यानंतर तो पद्यरचनेला लागला, तो मात्र क्रमाने नव्हे. ज्या दिवशी जो भाग मनात येईल तो हाती घ्यायचा, अशी त्याची रीत होती. गद्य आराखड्यामुळे हे स्वातंत्र्य त्याला मिळाले. आठव्या सर्गातला प्रसंग कोठे बसणार हे आधीच ठरलेले असेल, तर तिसरा सर्ग अपुरा असतानाही तो लिहिता येतो. सेकुंडस ज्या सुरुवातीपाशी तीन दिवस अडला, तिथून सुरुवात करण्याची सक्तीच इथे उरत नाही.

खर्ड्याच्या बैठकीसाठी त्याने आणखी एक सोय केली होती. लिहिण्याचा ओघ खुंटू नये म्हणून काही जागा तो अपुऱ्या ठेवी, तर काही जागी हलकेसलके शब्द घालून पुढे जाई. हे शब्द म्हणजे टेकू आहेत, भक्कम खांब येईपर्यंत इमारत तोलून धरण्यासाठी लावलेले, असे तो थट्टेने म्हणत असे. आपल्याकडे जुन्या घराचा वासा बदलताना गवंडी लावतो तोच हा टेकू. तो कायमचा नसतो, हे लावणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच तो देखणा नसला तरी चालते.

संस्करणाची बैठक कशी असे, ते त्याच्या आधीच्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीविषयक काव्याच्या हकिकतीवरून कळते. सकाळी तो पुष्कळ ओळी लेखनिकाला सांगे आणि उरलेला दिवस त्या घासून घासून अगदी थोड्यांवर आणी. अस्वलीण आपल्या पिलाला चाटून चाटून आकार देते, असा त्या काळी समज होता. आपले काव्य आपण तसेच घडवतो असे तो म्हणे. ‘जॉर्जिक्स’च्या सुमारे २,१८८ ओळींना सात वर्षे लागली, म्हणजे सरासरीने रोजच्या वाट्याला एक ओळही येत नाही. सकाळी सुचलेले सकाळीच तपासायचे नाही, तपासायचे ते दुपारी. एवढ्या साध्या विभागणीने त्याचा हात सकाळी मोकळा राहत असे आणि दुपारी कठोर होत असे.

ही पद्धत म्हणजे आधी भराभर लिहून काढावे आणि मग दुरुस्त करावे असा उपदेश, असे कोणी समजेल. क्विंटिलियनने नेमक्या याच समजुतीला विरोध केला आहे. त्याच्या काळी काही लेखक सगळा विषय वेगवान लेखणीने एका दमात उतरवून काढीत. या ओबडधोबड खर्ड्याला ते ‘सिल्वा’ म्हणत. या शब्दाचा अर्थ रान, किंवा न तासलेले लाकूड. मग ते त्यावर हात फिरवीत. क्विंटिलियनचा आक्षेप असा की त्यामुळे शब्द आणि लय सुधारतात, पण घाईने रचलेल्या विचारांचा उथळपणा तसाच राहतो. सुरुवातीपासून काळजी घ्यावी, म्हणजे पुढे केवळ कोरीवकाम उरेल, सगळे नव्याने घडवावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे. हा आक्षेप व्हर्जिलला लागू पडत नाही, कारण त्याच्या खर्ड्याआधी आराखडा होता. विचार आधीच घडवलेला होता, म्हणून शब्दांबाबत सैल राहणे त्याला परवडले. तीन बैठकींपैकी पहिली गाळली की उरते ते रान.

तरीही या पद्धतीत एक धोका आहेच, आणि ‘ईनिड’मध्ये तो आपल्यासमोर उघडा पडतो. अकरा वर्षांच्या कामानंतर, इ. स. पू. १९ मध्ये व्हर्जिल ग्रीस आणि आशियाच्या प्रवासाला निघाला. तीन वर्षे केवळ संस्करणाला द्यायची असा त्याचा बेत होता. अथेन्समध्ये सम्राट ऑगस्टसची भेट झाल्यावर तो त्याच्यासोबत परत फिरला, वाटेत आजारी पडला आणि सप्टेंबर महिन्यात इटलीच्या किनाऱ्यावर ब्रुंडिसियम येथे वारला. त्याचे एक्कावन्नावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपले काही बरेवाईट झाल्यास काव्य जाळावे, असे त्याने मित्र व्हारियस याला निघण्यापूर्वीच सांगितले होते. व्हारियसने ते मानले नाही. अखेरच्या आजारात त्याने स्वतः जाळण्यासाठी आपल्या गुंडाळ्यांच्या पेट्या पुनःपुन्हा मागितल्या. कोणी दिल्या नाहीत. ऑगस्टसच्या आज्ञेवरून व्हारियसने काव्य वरवरच्या दुरुस्तीनिशी प्रसिद्ध केले आणि अपुऱ्या ओळी अपुऱ्याच ठेवल्या. म्हणून दुसरी बैठक संपलेली आणि तिसरी न झालेली अशी ही संहिता आपल्याला मिळाली.

तिच्यात सुमारे ५८ ओळी अर्धवट आहेत. बहुतेकींचा अर्थ लागतो, पण तिसऱ्या सर्गात अँड्रोमॅकी ईनिअसच्या मुलाची चौकशी करते ती ओळ वाक्याच्या मध्येच तुटते. या अर्ध्या ओळी मुद्दाम ठेवल्या असाव्यात असे मानणाऱ्यांना ही एक जागा अडचणीची ठरते. व्हर्जिलचा लेखनिक एरॉस म्हातारपणी सांगत असे की काव्य वाचून दाखवताना कवीने सहाव्या सर्गातल्या मिसेनसविषयीच्या दोन अर्ध्या ओळी ऐनवेळी पुऱ्या केल्या आणि लगेच त्या मूळ प्रतीत उतरवून घ्यायला सांगितल्या. म्हणजे रिकामी ठेवलेली जागा रिकामी आहे हे त्याला दिसत होते, आणि शब्द आला त्या दिवशी ती भरली.

अर्ध्या ओळींपेक्षा अवघड प्रकार पॅलिन्यूरस या सुकाणूधाऱ्याचा. पाचव्या सर्गाच्या शेवटी समुद्र शांत आहे. निद्रेचा देव त्याला झोपवतो आणि सुकाणूसकट पाण्यात लोटतो. सहाव्या सर्गात तोच पॅलिन्यूरस मृतांच्या लोकात ईनिअसला भेटतो आणि सांगतो की मला कोणा देवाने बुडवले नाही. शपथ घेतो ती खवळलेल्या समुद्राची. तू इटलीला सुखरूप पोचशील असे अपोलोने सांगितले होते, असे ईनिअस म्हणतो. तसले भाकीत काव्यात दुसरीकडे कोठेही नाही. दोन्ही प्रसंग स्वतंत्रपणे वाचले तर निर्दोष आहेत. सुकाणूधारी समुद्रात गमावला जातो, एवढे बहुधा आराखड्यात ठरले असावे. कसा गमावला, हे मात्र दोन वेगळ्या दिवशी लिहिलेल्या दोन खर्ड्यांनी आपापल्या सोयीने ठरवलेले दिसते. सातव्या सर्गातही असाच प्रकार आहे. भुकेपोटी ताटेच खावी लागतील हे भाकीत आपल्या वडिलांचे, असे ईनिअस तिथे म्हणतो. तिसऱ्या सर्गात ते एका पंखधारी हार्पीच्या तोंडी आहे.

यावरून तिसऱ्या बैठकीचे खरे काम काय, ते कळते. अर्धी ओळ डोळ्यांना दिसते, ती कधीही भरता येते. टेकू म्हणून घातलेली पण छंदात चपखल बसलेली ओळ मात्र दिसत नाही. ‘ईनिड’मधले टेकू नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. आणि दोन प्रसंगांमधली विसंगती तर एकेक प्रसंग तासत बसणाऱ्याला कधीच सापडत नाही, तिच्यासाठी सगळे सलग वाचावे लागते. म्हणून खर्ड्यात उणी राहिलेली जागा उणी दिसेल अशीच ठेवावी, आणि संस्करणाच्या बैठकीत एकदा तरी आरंभापासून शेवटापर्यंत वाचावे, हे दोन नियम या संहितेतून निघतात.

क्विंटिलियनने यात साधनांची भर घातली आहे. लिहावे मेणाच्या पाटीवर, कारण तिच्यावर खोडणे सोपे. चर्मपत्रावर लेखणी पुनःपुन्हा शाईत बुडवावी लागते आणि विचाराचा ओघ तुटतो. समोरची बाजू कोरी सोडावी, आणि भलत्याच जागचा विचार मध्येच सुचला तर तो टिपायलाही जागा ठेवावी. लिहिलेले काही काळ बाजूला ठेवावे, म्हणजे परतून पाहताना ते परक्याचे वाटेल. पण दुरुस्तीला शेवट हवा. कानशीने वस्तू गुळगुळीत व्हावी, झिजून जाऊ नये, असेही तो बजावतो.

व्हर्जिलला तीन वर्षे मिळाली असती तर पॅलिन्यूरसची जागा त्याने सुधारली असती, याविषयी आम्हांला शंका वाटत नाही. ज्या अवस्थेत काव्य राहिले ती त्याला जाळण्याइतकी असह्य वाटली. तरी दोन हजार वर्षे लोक वाचत आले ते हेच, टेकूंसकट उभे असलेले काव्य. त्याचा आराखडा इतका पक्का होता की खांब न येताही इमारत पडली नाही.