न्यूरल नेटवर्क
संख्यांचे थरांमागून थर रचलेली गणिती योजना. यातील प्रत्येक घटक मागील थराच्या संख्यांना आपल्या भारांनी गुणून त्यांची बेरीज सक्रियण फलनातून पुढे रवाना करतो. हे फलन सरळरेषीय असेल, तर शंभर थरांचेही सामर्थ्य एकाच थराएवढे राहते. उत्तर चुकल्यास त्याची जबाबदारी, वरिष्ठाचा शेरा कनिष्ठांकडे उतरावा तशी, अखेरच्या थरापासून मागे वाटली जाते आणि त्या प्रमाणात भार किंचित बदलतात. रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखाने ही पश्चप्रसारणाची रीत रूढ केली. मात्र मागे जाताना दर थरास फलनाच्या उताराने गुणावे लागते. सिग्मॉइड फलनाचा उतार ०.२५ पेक्षा अधिक नसतोच. सबब भार १ च्या आसपास असता दहा थरांमागे दशलक्षांशाहूनही कमी संकेत पोहोचतो, आणि आरंभीचे भार जवळजवळ मूळ किमतींवरच अडून राहतात. धन संख्यांवर १ उतार राखणारे रेलू फलन ही क्षीणता बरीच टाळते.